सूचना : ईमेलला उत्तर देताना मूळ प्रश्न दिसू द्या

सर्व सभासदांस,

गेले काही दिवस गटाच्या ईमेलवर "हो, चालेल", "दुसरं बरं वाटतं" अशी उत्तरं येत आहेत. कशाला चालेल, दुसरं म्हणजे कोणतं, हे वाचणाऱ्याला कळत नाही. लिहिणाऱ्याला मात्र त्यात काही वावगं वाटत नाही, कारण लिहिताना मूळ मेल त्याच्या डोळ्यांसमोर उघडा असतो.

गोची अशी की जीमेल आणि तत्सम बरेच प्रोग्राम उत्तराखाली आपोआप जोडलेला जुना मजकूर दुमडून टाकतात. तो मेलमध्ये असतोच, पण वाचणाऱ्याला शेवटी तीन टिंबांचं छोटं बटण तेवढं दिसतं. ज्यांना मूळ मेल आलेलाच नाही, मागाहून सीसीमध्ये घेतलंय, त्यांची तर पंचाईतच.

समजा प्रश्न दोन होते : सभा शनिवारी घ्यायची की रविवारी, आणि हिशेबाचा मसुदा मान्य आहे का? त्यावर नुसतं "हो" लिहू नका. "सभा रविवारी चालेल. हिशेबाचा मसुदा मान्य आहे, फक्त प्रवासखर्च पुन्हा तपासावा," असं लिहा. प्रश्न असा आपल्या वाक्यात आला की तो सहसा दुमडला जात नाही.

शब्द जसेच्या तसे हवे असतील तर तेवढीच ओळ उचलून तिच्याखाली उत्तर लिहा. बाकीचं शेपूट खोडलं तरी चालेल.

आणि कुणाचं उत्तर तुटक वाटलं, तर खुलासा मागण्याआधी ती तीन टिंबं दाबून पाहा.

– चिटणीस