दुरुस्ती मागितली होती, तुम्ही पेपरच बदलून पाठवलात

प्रति,
व्यवस्थापक, फ्रेंच संपादन विभाग

विषय : शोधनिबंधाच्या भाषा-दुरुस्तीत मजकुराचा अर्थ बदलल्याबद्दल, आणि कालच्या फोनबद्दल

मी भाषा-दुरुस्तीचा पर्याय निवडला होता, पुनर्लेखनाचा नाही. दोन्ही पर्याय तुमच्याच यादीत वेगळ्या दरांनी दिलेले आहेत, त्यामुळे त्यांतला फरक मी तुम्हाला सांगायला नको. तरीही ज्वारीच्या उताऱ्यावरचा माझा फ्रेंच पेपर परत आला तेव्हा जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात वाक्ये नव्याने लिहिलेली होती, आणि ज्या चुका खरोखर होत्या त्या जागच्या जागी होत्या.

सगळ्यात मोठे नुकसान एका शब्दाचे झाले. ‘रांदमां’ म्हणजे हेक्टरी उतारा. माझ्या पेपरचा विषयच तो, म्हणून तो शब्द पानापानावर येतो आणि यायलाच हवा. तुमच्या एडिटरने पुनरुक्ती टाळायची म्हणून त्याच्या जागी कुठे ‘प्रोद्युक्सियों’ घातला, कुठे ‘रेकोल्त’. पहिल्याचा अर्थ एकूण उत्पादन, दुसऱ्याचा कापणी किंवा हाती आलेले पीक. फ्रेंच शाळेत एकच शब्द पुन्हा वापरू नये असे शिकवतात हे मला माहीत आहे. निबंधात ते शोभते, पण शोधनिबंधात तो शब्द म्हणजे मोजमापाचे नाव असते.

याने काय बिघडते ते साध्या आकड्यांत पाहा. समजा एका तालुक्यात १० हजार हेक्टरवर ज्वारी आहे आणि हेक्टरी ९०० किलो पिकते, तर एकूण ९ हजार टन झाले. पुढे पेरा ८ हजार हेक्टरवर आला आणि उतारा हेक्टरी १ हजार किलो झाला, तर एकूण ८ हजार टन. रांदमां वाढला आणि प्रोद्युक्सियों घटले. आता ‘रांदमां वाढला’ या वाक्यात तुमचा शब्द घाला. वाक्य व्याकरणाने निर्दोष आणि अर्थाने धादांत खोटे होते. खालच्या तक्त्यात किलो प्रति हेक्टर, वर मजकुरात एकूण उत्पादन. परीक्षक हे लेखिकेचे अज्ञान समजणार, एडिटरचे नाही.

दुसरा बदल इतकाच गंभीर आहे. ‘सिग्निफिकातीफ’ फरकाला तुम्ही ‘आंपोर्तां’ फरक केले. पहिला शब्द संख्याशास्त्रातला आहे, फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही एवढेच तो सांगतो, आणि पुढेच कंसात `p < 0,05` लिहिलेले आहे. दुसऱ्याचा अर्थ मोठा, लक्षणीय. फरक अगदी लहान असूनही सिग्निफिकातीफ असू शकतो. मी मोठा फरक सापडल्याचा दावा केलेला नाही, तुम्ही माझ्या नावाने केलात. तसेच निष्कर्षात मी जपून ‘सांब्ल’ लिहिले होते, म्हणजे ‘असे दिसते’. तिथे आता ‘देमोंत्र’ आहे, म्हणजे ‘सिद्ध करते’. तीन हंगामांच्या नोंदींवर काहीही सिद्ध होत नाही, म्हणूनच तो शब्द मोजून निवडला होता.

आणि जे सुधारायला हवे होते ते? ‘एवांत्युएलमां’ हा शब्द मी इंग्रजीच्या सवयीने ‘अखेरीस’ या अर्थाने लिहून बसले. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘कदाचित, वेळ पडल्यास’. त्यामुळे शेतकऱ्यांनी अखेर ज्वारी सोडली याऐवजी कदाचित सोडली असावी, असे वाक्य झाले. ‘फिनालमां’ हवे होते. ही चूक व्याकरणात दिसत नाही, वाक्य पूर्ण बरोबर वाटते, आणि असल्याच चुका पकडण्यासाठी फ्रेंच माणसाला पैसे देतात. तक्ता २ मध्ये १,२५० किलो हा आकडा स्वल्पविरामासह तसाच राहिला आहे. फ्रेंचमध्ये स्वल्पविराम म्हणजे दशांश चिन्ह. वाचणारा सव्वा किलो वाचणार. तिथे स्वल्पविराम काढून न तुटणारी मोकळी जागा हवी होती. बाकीच्या तक्त्यांत दशांश बिंदूंचे स्वल्पविराम तुम्ही नीट केले आहेत, ते काम चोख आहे, हेही लिहिते.

प्रस्तावनेतले चार ओळींचे एक वाक्य खरोखर नव्याने लिहायला हवे होते. त्यात दोनदा फ्रेंचमधले ‘की’ हे संबंधी सर्वनाम, म्हणजे आपले ‘जो’, आले आहे आणि दुसरे कशाला लागू होते, पावसाला की पेरणीला, हे कळत नाही. तिथे एडिटरने एक स्वल्पविराम घालून पुढे सरकणे पसंत केले.

आता कालच्या फोनबद्दल. मी तुमच्या प्रतिनिधीला पान ४ उघडायला सांगितले. ते उघडायला त्यांना वेळ लागला, मी थांबले. मग विचारले, ‘रांदमां आणि प्रोद्युक्सियों यांत काय फरक आहे?’ ते म्हणाले, ‘मॅडम, दोन्हीचा अर्थ पीकच होतो.’ मी तक्त्यातले एकक वाचून दाखवले. त्यावर ते म्हणाले, ‘आमचे एडिटर फ्रेंच आहेत, तुम्ही नाही. त्यांनी बदललं म्हणजे तुमचं चूकच असणार.’ मी थोडा वेळ बोललेच नाही. मग ‘नू’चे उदाहरण दिले. एकटी लेखिका नम्रतेने स्वतःला ‘नू’, म्हणजे ‘आम्ही’, म्हणते तेव्हा क्रियापद अनेकवचनी राहते, पण विशेषण आणि धातुसाधित तिच्या खऱ्या लिंगवचनाप्रमाणे चालते. मी स्त्रीलिंगी एकवचनी लिहिले होते, ते बरोबर होते. तुमच्या एडिटरने त्याचे पुल्लिंगी अनेकवचन केले. उच्चार तोच राहतो, म्हणून कानाला कळत नाही, डोळ्यांना कळते. उत्तर आले, ‘हवं तर निम्म्या दरात दुसरी फेरी करून देतो.’ म्हणजे तुम्ही घातलेली चूक काढायला मीच पैसे भरायचे!

दुरुस्ती कुठे थांबते हे ठरवणे अवघड नाही. नियम मोडला असेल तर थेट दुरुस्त करा. अर्थ दोन निघत असतील किंवा निघतच नसेल, तर नवे वाक्य सुचवा, पण समासात कॉमेंट टाकून लेखकाला विचारा. वाक्य बरोबर आहे, अर्थ एकच आहे, फक्त फ्रेंच माणूस असे लिहिणार नाही, एवढेच असेल तर हात लावू नका, फार तर कॉमेंट टाका. पारिभाषिक शब्दांची यादी आधी मागवा आणि तिच्यातला एकही शब्द बदलू नका. पेपरची फ्रेंच सगळीकडेच मोडकी वाटली, तर पहिली ३०० शब्दांची नमुना-दुरुस्ती पाठवून पुनर्लेखनाची परवानगी घ्या. तुम्ही यातले काही केले नाही. ट्रॅक चेंजेससुद्धा बंद ठेवलेत, त्यामुळे काय बदलले हे शोधायला मला दोन्ही फाइली शेजारी ठेवून ओळ अन् ओळ ताडून पाहावी लागली.

पुन्हा सांगते, रांदमां म्हणजे उत्पादन नव्हे.

माझ्या मागण्या अशा. माझी मूळ फाइल घेऊन, दुसऱ्या एडिटरकडून, ट्रॅक चेंजेस चालू ठेवून, फक्त दुरुस्तीचे काम सात दिवसांत विनामूल्य करून द्या. ते जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करा. दोन्ही झाले नाही तर दोन्ही फाइली आणि तुमची पावती जोडून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करणार आहे. तुमच्याकडे आले ते जर्नलने ‘भाषा तपासून घ्या’ असे कळवले म्हणून आणि सहकाऱ्यांनी तुमचे नाव विश्वासाने सुचवले म्हणून. तो विश्वास आता माझ्याकडे उरलेला नाही, आणि त्यांनाही मी हे पत्र दाखवले आहे.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका.

तुमची ग्राहक