तुझ्या जुन्या कंपनीला लिहायचा मेल

प्रिय मित्रा,

काल रात्री पाठवलेला तुझा मसुदा दोनदा वाचला. राग मानू नकोस, पण हा पाठवू नकोस. पहिल्या परिच्छेदात तू कंपनीचे आभार मानतोस, दुसऱ्यात नोकरी सोडताना जी कुरबुर झाली तिच्याबद्दल दिलगिरी, तिसऱ्यात बाहेर शिकायला जायचं स्वप्न आणि अगदी तळाला एक ओळ, 'तरी कृपया अनुभवाचं पत्र लवकरात लवकर मिळावं.' एचआरमध्ये आज बसलेली व्यक्ती तुला ओळखतही नसेल. तू कोण, कधीपासून कधीपर्यंत होतास, नेमकी कुठली कागदपत्रं हवीत, कधीपर्यंत हवीत, यातलं तिला काहीच कळत नाही. असा मेल वाचून माणूस 'नंतर बघू' म्हणतो, आणि ते नंतर येत नाही.

मुळात तू दोन वेगळी पत्रं एकच समजतोयस. रिलीव्हिंग लेटर एवढंच सांगतं की तुझा राजीनामा मंजूर झाला आणि अमुक तारखेला कामाचे तास संपल्यावर तुला मोकळं केलं. एक्स्पीरिअन्स लेटर सांगतं की तू कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या पदावर, काय काम केलंस. विद्यापीठाला बहुतेक दुसरं लागतं. व्हिसाच्या फाइलमध्ये पहिल्याचाही उपयोग होतो, कारण एक नोकरी नेमकी कुठल्या दिवशी संपली ते त्यावरून ठरतं आणि मधला रिकामा काळ तिथूनच मोजायचा असतो. बऱ्याच कंपन्या दोन्ही एकाच कागदावर तीन ओळींत उरकतात आणि त्यात कामाचं वर्णन गळतं. म्हणून दोन स्वतंत्र पत्रं माग.

माझं काय झालं होतं ते तुला अर्धंच सांगितलं होतं. मी जूनच्या मध्याला ट्रेनी म्हणून लागलो आणि ऑगस्टच्या पहिल्या तारखेला कायम झालो. पत्रावर रुजू झाल्याची तारीख आली ऑगस्टची, कारण त्यांच्या सिस्टममध्ये तीच होती. मी अर्जात जून लिहिलेला. दीड महिन्याचा फरक, पण फाइल तपासणाऱ्याच्या डोळ्यांनी बघ. त्याच्यासमोर एकाच नोकरीच्या दोन तारखा आहेत आणि त्यातली एक मी स्वतः लिहिलेली आहे. मी 'कृपया दुरुस्त करावं' असा मेल टाकला आणि दोन आठवडे वाट बघितली. काही नाही. मग नेमणुकीच्या पत्राचं पहिलं पान आणि जूनची सॅलरी स्लिप जोडून तोच मेल परत पाठवला. चार दिवसांत नवं पत्र आलं. त्यांना पुरावा शोधायला लावलं नाही, एवढंच काय ते वेगळं केलं.

आता तुझ्या तारखा. तू 11 जुलै 2019 ला लागलास, 1 एप्रिल 2021 ला बढती मिळाली, 20 सप्टेंबर 2022 ला राजीनामा दिलास, आणि तो दिवस धरून साठ दिवसांची नोटीस 18 नोव्हेंबरला संपली. म्हणजे 3 वर्षं 4 महिने आणि वर आठवडाभर. प्रवेशाच्या अर्जात तू 'साडेतीन वर्षं' लिहिलंयस, ते आधी बदल. आणि मेलमध्ये महिना अक्षरांत लिही. 11/07 म्हणजे आपल्यासाठी अकरा जुलै, अमेरिकेत वाचणाऱ्यासाठी सात नोव्हेंबर.

नावाचंही तेच. तुझ्या सॅलरी स्लिपवर आडनाव आधी आहे आणि वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. पासपोर्टवर पूर्ण नाव आहे. पत्र पासपोर्टप्रमाणे हवं, आणि हे तू सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

मी मजकूर असा केलाय. इंग्रजीत करून पाठव, पण याहून लांबवू नकोस:

'विषय: माजी कर्मचारी, एम्प्लॉयी कोड अमुक, एक्स्पीरिअन्स लेटर आणि रिलीव्हिंग लेटर मिळण्याबाबत.

महोदय, मी आपल्याकडे 11 जुलै 2019 ते 18 नोव्हेंबर 2022 या काळात पूर्णवेळ नोकरीस होतो. परदेशातील प्रवेश आणि व्हिसासाठी मला ही दोन पत्रं स्वतंत्रपणे, कंपनीच्या लेटरहेडवर हवी आहेत. एक्स्पीरिअन्स लेटरमध्ये दोन्ही पदं, प्रत्येक पदाचा कालावधी, आठवड्याचे कामाचे तास आणि मुख्य जबाबदाऱ्या याव्यात, ही विनंती. माझं नाव पासपोर्टप्रमाणे असं लिहावं: (इथे नाव). सही करणाऱ्यांचं नाव, पद, फोन आणि ऑफिसचा ईमेल असावा, कारण पडताळणी होऊ शकते. सोयीसाठी मसुदा, नेमणूक पत्र, बढतीचं पत्र, राजीनामा मंजुरीचा मेल आणि शेवटची सॅलरी स्लिप जोडली आहे. माझी फाइल अमुक तारखेला जमा करायची आहे. काही देणं बाकी असल्यास कळवावं, मी लगेच पूर्ण करीन.'

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. रिलीव्हिंग लेटर अडतं ते बहुतेक वेळा फुल अँड फायनल हिशोबात काहीतरी लटकलेलं असतं म्हणून. न परत केलेला लॅपटॉप चार्जर किंवा नोटीसचे राहिलेले दिवस. तू विचारलंस तर ते सांगतील, नाही विचारलंस तर नुसते गप्प बसतील. फाइलची तारीख मात्र खरी शेवटची देऊ नकोस, तीन आठवडे आधीची दे.

जबाबदाऱ्यांचा मसुदा तूच कर, पण जे केलंस तेवढंच लिही. टीम सांभाळली नसेल तर 'सांभाळली' नको. उद्या व्हिसा ऑफिसातून कंपनीत खात्रीसाठी फोन गेला तर तुझा जुना मॅनेजर आठवेल तेच सांगणार. कॅनडात खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं प्रवेशबंदी येते. आणि पत्रावर 2022 ची तारीख टाकून द्या, असंही म्हणू नकोस. पत्र आजच्या तारखेचं असलं तरी चालतं, कालावधी खरा असला म्हणजे झालं.

मेल जाण्याआधी एकदा पीएफच्या पोर्टलवर तुझी नोकरी सोडल्याची तारीख बघून घे. कंपनीने ती भरलीच नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आपल्यालाही भरता येते. पण तिथे आधीच वेगळी तारीख बसलेली असेल, तर तेही याच मेलमध्ये घाल. दोनदा मागणं नको.

आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच मेलच्या साखळीत एक ओळ टाक आणि जुन्या मॅनेजरला सीसीत घे. त्याच्याशी तुझं शेवटी वाजलं होतं, माहीत आहे, पण तुझा हुद्दा आणि काम ठामपणे सांगू शकेल असा तिथे तोच उरलाय. तरीही पत्र नाहीच मिळालं, तर नेमणूक पत्र, सॅलरी स्लिपा, फॉर्म 16, पगार जमा झालेली बँकेची पानं आणि पीएफचं पासबुक एकत्र करून, पत्र का नाही ते एका पानात लिहायचं आणि हे पाठवलेले मेल सोबत लावायचे. दरवेळी ते स्वीकारतीलच असं नाही, त्यामुळे विद्यापीठाला आधी विचारून घे. आणि मेलच पुरावा ठरतात, म्हणून फोनवर बोललास तरी पाठोपाठ मेल टाकत जा.

जबाबदाऱ्यांचा मसुदा झाला की आधी मला पाठव. आणि पासपोर्टवरचं नाव कॉपी-पेस्ट करू नकोस, पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर टाइप कर. मागच्या वेळी तुझ्या तिकिटावर काय छापून आलं होतं ते आठवतंय ना?

तुझा,
मी