दहावीचा दाखला ‘Dipak’, आधार ‘Deepak’

संपादक महोदय,

मराठीत ‘दीपक वाघ’ एकच. पण इंग्रजीत दहावीच्या प्रमाणपत्रावर Wagh Dipak आणि आधारवर Deepak Vagh असू शकते. परीक्षेचा अर्ज भरताना ही तफावत महागात पडते. आडनाव आधी की नंतर, हा प्रश्न सहसा निभावतो. अक्षरांचा फरक मात्र आधार पडताळणीत अडकतो, कारण तिथे तुलना आधारच्या नोंदीशी होते, हातातल्या कार्डाशी नाही.

बहुतेक परीक्षांत दहावीचे नाव प्रमाण मानतात. म्हणून शक्यतो आधारच प्रमाणपत्राप्रमाणे दुरुस्त करावे. आधारवरील नाव आयुष्यात फक्त 2 वेळा बदलता येते, तेव्हा केंद्रावर पावती घेण्यापूर्वी प्रत्येक अक्षर वाचावे. पुरावा म्हणून नेलेल्या कागदावर फोटो आहे का, हेही पाहावे; फोटो नसलेली गुणपत्रिका नाकारली जाऊ शकते.

चूक प्रमाणपत्रातच असेल तर शाळेची जनरल रजिस्टरमधील नोंद तपासावी. तिथे नाव बरोबर असल्यास शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवता येतो. मात्र त्याला वेळ लागतो; अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात हा मार्ग उपयोगाचा नाही.

आणखी एक चूक नेहमी दिसते. आधार दुरुस्त होते, पण परीक्षेला नेले जाते जुनेच कार्ड. प्रवेशपत्रावर नवे नाव आणि हातात जुने, मग दारावर अडवणूक. दुरुस्तीची पावती म्हणजे ओळखपत्र नव्हे. नवे ई-आधार उतरवून त्याची रंगीत प्रत न्यावी.

– एक वाचक, नाशिक