पंधरा वर्षांच्या सेवेचे काय?

‘युनिफाइड पेन्शन म्हणजे जुनीच पेन्शन’ असा सूर असलेला आपल्या अंकातील लेख वाचला. उशिरा कायम झालेल्यांच्या बाबतीत हे खरे नाही.

आमच्या परभणी-हिंगोली भागात अनेक ग्रामीण डाकसेवक खेडोपाडी टपाल वाटण्यात उमेदीची वर्षे घालवतात आणि पंचेचाळिशीत खात्याची परीक्षा देऊन पोस्टमन होतात. साठाव्या वर्षी निवृत्त होताना पेन्शनपात्र सेवा भरते जेमतेम पंधरा वर्षे. जुन्या नियमात केंद्रीय कर्मचाऱ्याला दहा वर्षांच्या सेवेवरही अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन मिळते. १ एप्रिल २०२५ पासूनच्या नव्या युनिफाइड योजनेत मात्र पूर्ण पन्नास टक्क्यांसाठी पंचवीस वर्षे लागतात. कमी सेवेला त्या प्रमाणात कात्री.

मूळ वेतन ४० हजार धरा. जुन्या नियमाने महिना २० हजार, नव्याने १२ हजार. महागाईची वाढ दोन्हींवर आहे, पण ती या रकमांवरच मिळणार, म्हणजे तफावत दरवर्षी रुंदावणार. शिवाय नव्या योजनेत पगारातून दरमहा दहा टक्के कापले जातात. जुन्यात असे अंशदान नव्हतेच. निवृत्तीवेळी वेगळी एकरकमी रक्कम मिळते हे खरे, पण पंधरा वर्षांना ती जेमतेम तीन पगारांइतकी.

राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, ठरावीक पेन्शनची हमीच नाही, त्यामुळे नवी योजना त्याहून बरी, हे मान्य. तरी डाकसेवक म्हणून केलेल्या सेवेचा काही भाग पंचवीस वर्षांत धरावा, किंवा ही अट दहा वर्षांवर आणावी.

– एक निवृत्त टपाल कर्मचारी, परभणी