दोन सह्यांचे खाते

पुणे

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांचा आवाज चढला आणि बोलणे अर्धवट राहिले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. बाबा, तुम्ही म्हणालात, "उद्याच्या उद्या बँकेत जातो आणि खाते दोन सह्यांचे करून टाकतो." दादाने दुकानासाठी 3,25,000 रुपये न विचारता मोबाइलवरून वळते केले, याचे तुम्हाला वाईट वाटले आहे आणि ते मला पटते. तो म्हणतो की दिवाळीत याविषयी बोलणे झाले होते. त्या वादात मी पडत नाही. मात्र बँकेच्या काउंटरमागे मी बावीस वर्षे काढली आहेत आणि घाईने बदललेली अशी खाती पुढे कुठे अडतात ते मी पाहिले आहे, म्हणून तेवढेच सांगते.

कॅनॉलकडचे शेत विकून आलेले पैसे ज्या खात्यात आहेत, ते बाबा आणि दादा यांच्या नावे 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो, अशा सूचनेवर चालते. ही सूचना पैसे कोण काढू शकतो एवढेच सांगते. पैसे कोणाचे, हे ती सांगत नाही. म्हणून दादाने एकट्याने रक्कम वळती केली तेव्हा बँकेने काही चूक केली नाही. त्या बिचाऱ्या मॅनेजरवर रागावून उपयोग नाही.

तुम्हाला एकट्याला हे खाते थांबवता येईल का, असे तुम्ही विचारलेत. येईल. संयुक्त खातेदारांपैकी एकानेही 'यापुढे एकट्याच्या सहीने व्यवहार करू नयेत' असे लेखी दिले, की बँक ती सूचना मागे घेतलेली मानते आणि त्यापुढे सर्वांच्या सह्यांशिवाय पैसे देत नाही. पण हे कुलूप एकाच्या हाताने लागते आणि उघडायला दोन हात लागतात. दादा रागावून सहीला आलाच नाही, तर उरलेले 11,35,000 रुपये त्याच्यासाठी जसे बंद होतील तसेच तुमच्यासाठीही होतील. आमच्या शाखेत एका बापलेकांचे खाते असेच अडकले होते. दोघेही महिन्यातून एकदा येऊन पासबुक भरून नेत, पण वेगवेगळ्या दिवशी. म्हणून तुम्ही एकट्याने पत्र देऊ नका. दादाशी मी बोलले आहे. तो तुमच्याबरोबर येऊन अर्जावर सही करायला तयार आहे.

परंतु अर्ज देण्याआधी एक काम करावे लागेल. दोन सह्यांच्या खात्यावर बहुतेक बँका डेबिट कार्ड देत नाहीत आणि मोबाइल बँकिंग व यूपीआय केवळ शिल्लक पाहण्यापुरते ठेवतात किंवा पूर्ण बंद करतात. म्हणजे आईची औषधे तुम्ही दुकानात मोबाइलवरून पैसे देऊन आणता, ते या खात्यातून होणार नाही. विजेचे बिल आणि तुमच्या विम्याचा हप्ता याच खात्यातून परस्पर जातो. ती संमती एकट्याच्या सहीने दिलेली असल्यामुळे ती पुढे चालेलच असे धरून चालू नका. तेव्हा या दोन्ही गोष्टी आधी तुमच्या पेन्शनच्या खात्यावर न्या आणि तिथून एक हप्ता गेल्याची नोंद पासबुकात दिसल्यावरच शाखेत जा. बाबांच्या एकट्याच्या सहीने दिलेला आणि अजून न वटलेला एखादा चेक असेल तर तोही आठवून पाहा. सूचना बदलल्यावर तो शिल्लक असूनही 'सही अपुरी' म्हणून परत येईल आणि ज्याला दिला त्याची नोटीस घरी येईल.

पेन्शनचे खाते आई आणि बाबा यांच्या नावे आहे. त्याला मात्र अजिबात हात लावू नका. पती-पत्नींच्या संयुक्त खात्यात सरकारी पेन्शन जमा होते, ते खाते एकाच्या सहीने चालवता येते म्हणूनच. रागाच्या भरात सगळीच खाती दोन सह्यांची केली, तर एकजण आजारी पडल्यावर दुसऱ्याची पंचाईत होते.

आजारपणाचा विषय मला टाळता येत नाही. बाबांना सही करता येईनाशी झाली तर बँक अंगठ्याचा ठसा घेते. तो दोन साक्षीदारांनी ओळखावा लागतो आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. हे रुग्णालयातही होते, पण त्यात दिवस जातात. म्हणून 2,00,000 रुपये आताच, दादाला सांगून, पेन्शनच्या खात्यात वळवावेत, म्हणजे आईला तिच्या कार्डाने केव्हाही काढता येतील. उरलेले 9,35,000 दोन सह्यांखाली राहू द्या.

आता सर्वांत महत्त्वाचे. अर्जात 'संयुक्तपणे' आणि 'संयुक्तपणे किंवा हयात असेल तो' असे दोन पर्याय असतील, आणि बहुतेक लोक न वाचता पहिल्यावर खूण करतात. पहिल्यात, खातेदारांपैकी एक गेल्यास बँक शिल्लक उरलेल्या खातेदाराला एकट्याला देत नाही. ती त्याला आणि गेलेल्याच्या वारसांना मिळून देते. म्हणजे बाबांनंतर दादाबरोबर आईची आणि माझीही सही लागेल, आणि देव न करो, दादाला काही झाले तर वहिनी आणि मुलांची बाजूही येईल. दुसऱ्यात दादाला एकट्यालाच पैसे मिळतील आणि बँक मोकळी होईल; त्यातला वारसांचा वाटा मागायचा तर तो दादाकडे मागायचा. नामनिर्देशनाने यात फरक पडत नाही, कारण दोघेही खातेदार गेल्यावरच नॉमिनीचा प्रश्न येतो.

माझा कल पहिल्या पर्यायाकडे आहे, कारण आई या खात्यात नाही आणि तिचा खर्च पेन्शनच्या खात्यातून भागत असल्यामुळे कागदपत्रांना लागणारा वेळ तिला जाचणार नाही. पण या पर्यायात माझाही स्वार्थ आहे, हे मी लपवत नाही. तेव्हा हा निर्णय माझ्या शब्दावर घेऊ नका. आईला विचारा आणि दादा समोर असताना ठरवा. त्याला मागाहून कळले तर पुन्हा तेच भांडण उभे राहील.

मुदत ठेवीची पावतीही बाबा आणि दादा यांच्या नावे आहे. बचत खात्याची सूचना बदलली म्हणून पावतीची आपोआप बदलत नाही, तिचा अर्ज वेगळा असतो. तशी मुदतीपूर्वी ठेव मोडायला आजही दोघांच्या सह्या लागतात. मुदत संपल्यावर मात्र दोघांपैकी कोणालाही एकट्याने रक्कम घेता येते. मुदत मार्चमध्ये संपते, म्हणून तिचाही अर्ज त्याच दिवशी देऊन टाका.

जाताना दोघांची आधार व पॅन कार्डे, पासबुक, दोघांची डेबिट कार्डे आणि उरलेले कोरे चेक बरोबर न्या. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. चार-पाच दिवसांनी पासबुक भरून पहिल्या पानावरची सूचना बदलली आहे ना ते पाहा, आणि दादाच्या मोबाइलवरून शंभर रुपये पाठवून बघायला सांगा. ते गेले, तर बदल प्रत्यक्षात झालेला नाही असे समजा आणि पोच घेऊन पुन्हा शाखेत जा.

दादा गुरुवारी सकाळी दुकान उघडण्याआधी येईल. त्याच्यासाठी चहा ठेवा.

आपली,
धाकटी