‘खाते क्रमांक’ कोणता?

महोदय,

शेतीविषयक योजनांच्या अर्जांसोबतच्या सूचना सोप्या मराठीत हव्यात, हे मान्यच आहे. मात्र ते करताना रकान्यांची नावे बदलू नयेत. आमच्या गावात अर्ज भरून देताना मी एका सूचनापत्रात ‘खाते क्रमांक’ऐवजी ‘जमिनीचा नंबर’ असे लिहिले, आणि बहुतेकांनी तिथे सातबाऱ्यावरचा गट क्रमांक भरला. चूक माझीच होती, कारण ‘जमिनीचा नंबर’ हे शब्द कोणत्याही उताऱ्यावर छापलेले नसतात.

दुसरीकडे, नुसते ‘खाते क्रमांक’ ठेवले तर शेतकरी बँकेचे पासबुक काढतो. म्हणून आता मी मूळ नाव ठळक ठेवून त्याखाली लिहितो : ‘हा नंबर आठ-अ उताऱ्यावर पाहा. बँकेचा नंबर इथे लिहू नका.’

क्षेत्राच्या रकान्यातही असेच घडते. ‘क्षेत्र (हे.आर)’ पाहूनही दोन एकरवाला सरळ २ लिहितो, ते दोन हेक्टर, म्हणजे जवळपास पाच एकर होतात आणि आकडा सातबाऱ्याशी जुळत नाही. तिथे ‘एकरात लिहू नका, सातबाऱ्यावरचा आकडा जसाच्या तसा उतरवा, ४० आर म्हणजे साधारण एक एकर’ एवढी ओळ पुरते.

‘भोगवटादार’ हा शब्द जड आहे खरा, पण उताऱ्यावर तोच असल्यामुळे अर्जातही तोच राहावा आणि शेजारी ‘ज्याच्या नावावर जमीन आहे तो’ असे लिहावे. सूचनापत्र छापण्यापूर्वी संबंधित खात्याने ते दोन-चार शेतकऱ्यांच्या हाती उताऱ्यासह देऊन कोण कुठे अडखळतो ते पाहावे.

– एक वाचक, जि. सातारा