पत्रिका बघायला ॲप लागत नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तुळशीचं लग्न झालं की भावकीच्या ग्रुपवर पत्रिकांची रीघ लागेल. त्यातली एखादी पत्रिका नसेलच, पत्रिकेचं नाव लावलेलं ॲप असेल. फोनवर हे सांगायला गेलं की बाबा ‘हां हां, कळलं’ म्हणून मोकळे होतात, म्हणून लिहून पाठवतेय.

खरी पत्रिका फोटो, व्हिडिओ किंवा पीडीएफ म्हणून येते. फोटो आणि व्हिडिओ ग्रुपमध्येच दिसतात. पीडीएफ असेल तर बहुतेक वेळा पहिल्या पानाचं चित्र दिसतं आणि खाली किती पानं ते लिहिलेलं असतं. खोट्या पत्रिकेला चित्रही नसतं आणि पानंही नसतात. कोऱ्या कागदाची खूण, काही `MB` असा आकडा आणि शेजारी `APK` एवढंच दिसतं. नाव `Lagna Patrika.apk` असेल, नाहीतर `Vivah Amantran.pdf.apk`. मधल्या `pdf` ला भुलू नका, अगदी शेवटची तीन अक्षरं बघा. आपल्या ग्रुपवर कन्नड पत्रिकाही येतात आणि नाव वाचता आलं नाही की आई उघडूनच बघते. पण नाव कन्नडात असलं तरी ही शेवटची तीन अक्षरं इंग्रजीतच असतात.

`APK` म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवायची फाइल. ती नुसती येऊन पडली, अगदी डाउनलोड झाली, तरी काही बिघडत नाही. पुसून टाकायची आणि ग्रुपवर सांगायचं. घात होतो तो पुढच्या दोन-तीन बोटांनी.

समजा, काकांच्या नंबरवरून अशी पत्रिका आली आणि बाबांनी दाबली. फोन आधी अडवतो: या ठिकाणाहून ॲप बसवायला परवानगी नाही. `Settings` उघडून `Allow from this source` चालू केलं, की मग `Install` विचारतो. `Play Protect` धोक्याची पाटी दाखवतं, तरी ‘पत्रिकाच आहे की’ म्हणून माणूस पुढे जातो. ॲप उघडल्यावर ते एसएमएस वाचायची आणि पाठवायची परवानगी मागतं. सगळा खेळ या परवानगीचा आहे. ती दिली की पडद्यावर गणपतीचं चित्र येईल, नाहीतर काहीच येणार नाही आणि ॲपची खूणही नाहीशी होईल. बाबांना वाटेल, फाइल खराब होती. ॲप मात्र आत चालूच असतं आणि येणारा प्रत्येक एसएमएस भामट्याकडे धाडत असतं.

मग तो आपल्या फोनवर बाबांच्या नंबरचं व्हॉट्सॲप चालू करतो. त्यासाठी सहा आकडी कोड एसएमएसने येतो आणि तो त्याला आपोआप मिळतो. आता तोच बाबा होऊन भावकीत, सोसायटीच्या ग्रुपवर, खानापूरच्या मामांना तीच पत्रिका पाठवतो. म्हणून ‘काकांनी पाठवली म्हणजे बरोबरच असणार’ हा हिशेब इथे चालत नाही. काकांच्या नंबरवरून आली याचा अर्थ बहुधा एवढाच, की काकांचा फोन आधीच गेलाय. शंका आली तर ग्रुपवर विचारू नका, तिथे उत्तर भामटाच देईल. काकांना साधा फोन लावा.

पैशांचं तसंच. यूपीआय नव्या फोनवर जोडताना त्या नंबरच्या सिमवरून बँकेला एक एसएमएस जावा लागतो. एसएमएस पाठवायची परवानगी दिलेली असेल तर ते ॲप तोही गुपचूप पाठवू शकतं. मग उरतो यूपीआय पिन. नवा पिन करायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी लागतो. ओटीपी त्याच्याकडे आलेलाच असतो, कार्ड तेवढं बाकी.

ते काढून घ्यायला लाईट बिलाचं सोंग आहे. `Hescom Bill.apk` अशी फाइल, सोबत ‘मागील बिल भरले नाही, आज रात्री लाईट कापली जाईल’ असा दम, आणि ॲप उघडल्यावर ‘फक्त दहा रुपये भरून खातं अपडेट करा’ म्हणत कार्डाचा नंबर, मुदत, कधी एटीएम पिनसुद्धा. दहा रुपयांसाठी कोण फसवेल असं वाटतं, पण त्याला दहा रुपये नकोच असतात, त्या चौकटीत भरलेले आकडे हवे असतात. हेस्कॉमचं बिल मीटर रीडर घरी येऊन छापून देतो. त्याच कागदावरचा खाते क्रमांक नेहमीच्या यूपीआय ॲपमध्ये घालून थकबाकी बघा, नाहीतर हेस्कॉमच्या कचेरीत जाऊन विचारा.

चुकून ॲप बसलंच, तर लाजून गप्प बसू नका आणि ते शोधत वेळही घालवू नका. आधी फोन बंद करून सिम काढा, दोन असतील तर दोन्ही. बँकेला जोडलेलं सिम आईच्या बटणांच्या फोनमध्ये घाला. एसएमएस सिमच्या मागोमाग जातात, त्यामुळे यापुढचे ओटीपी त्या ॲपच्या हाती लागत नाहीत. जिओचं सिम जुन्या टूजी डब्यात चालत नाही, त्याला फोरजीचा बटणांचा फोन लागतो. तिथूनच `##002#` लावा. कॉल दुसरीकडे वळवून ठेवले असतील तर ते त्याने सुटतात. मग कार्डामागच्या नंबरवर बँकेला फोन करून कार्ड, यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करायला सांगा. पैसे गेले असतील तर लगेच 1930. तक्रार लवकर गेली तर पैसे वाटेतल्या खात्यात अडवता येतात, एकदा कुणी एटीएममधून काढले की संपलं. लेखी तक्रार `cybercrime.gov.in` वर किंवा बेळगावच्या सीईएन पोलीस ठाण्यात.

बिघडलेला फोन वायफायलाही जोडू नका. ॲप काढायला गेलात आणि `Uninstall` दाबता येत नसेल, तर त्याने `Device admin apps` मध्ये हक्क घेतलेला असतो. तो आधी काढावा लागतो. माझं विचाराल तर ते करत बसूच नका. फोटो काढून घेऊन फोन पूर्ण रिसेट करायचा, ते मी आल्यावर करीन. व्हॉट्सॲप मात्र त्याच दिवशी दुसऱ्या चांगल्या स्मार्टफोनवर, बटणांच्या फोनमध्ये आलेला कोड घालून पुन्हा चालू करा. तुम्ही आत शिरलात की तो बाहेर पडतो. त्याने स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला आत जायला सात दिवस थांबावं लागेल, पण तोही बाहेरच राहील.

आज दोन कामं कराल? फोनच्या `Settings` मध्ये वर शोधायच्या जागी `Install unknown apps` टाका आणि यादीत `WhatsApp`, `Chrome` आणि फाइल्सचं ॲप, तिन्ही बंद असल्याचं बघा. दुसरं, व्हॉट्सॲपच्या `Settings` मधल्या `Account` खाली `Two-step verification` आहे, तिथे सहा आकडी पिन लावा. मग कोड चोरीला गेला तरी नुसत्या कोडावर तुमचं व्हॉट्सॲप कुणाला उघडता येणार नाही. पिन जन्मसालाचा नको, आणि तो लिहून ठेवायचा तर कॅलेंडरवर नको, ते दारातून दिसतं.

तुमची,
धाकटी